पाऊण किलो पेट्रोल, सव्वादोन किलो धूर

पेट्रोल पंपावर लिटर मागणारा माणूस आता विरळा. बहुतेकांचं ठरलेलं असतं, ‘पाचशेचं टाका’. त्यामुळे टाकीत किती पेट्रोल गेलं हे कळतच नाही आणि तेवढं जळल्यावर हवेत काय गेलं हा प्रश्नही पडत नाही. हिशोब मात्र अवघड नाही. पेट्रोलचं वजन आणि शाळेतलं थोडं रसायनशास्त्र हाताशी असलं की पुरे.

पंपावर एका फलकावर त्या दिवसाच्या पेट्रोलची घनता लिहिलेली असते. लिटरमागे साधारण 740 ग्रॅम, म्हणजे पाऊण किलोला जरा कमी. या वजनातला जवळपास 86 टक्के भाग कार्बनचा आणि उरलेला बहुतेक हायड्रोजनचा. म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 640 ग्रॅम कार्बन असतो.

जळताना कार्बनचा प्रत्येक अणू ऑक्सिजनचे दोन अणू जोडून घेतो. कार्बनच्या अणूचं वजन 12 धरलं, तर ऑक्सिजनच्या दोन अणूंचं 32 होतं. एकूण 44. थोडक्यात, 12 ग्रॅम कार्बन जळला की 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे 3.67 पट. आता 640 ग्रॅमला 3.67 नं गुणलं, तर उत्तर येतं सुमारे 2.3 किलो.

इथे ऐकणारा हमखास अडतो. टाकीत पाऊण किलो ओतलं, मग बाहेर सव्वादोन किलो कसं पडलं? वरचं वजन हवेतून आलं. वस्तू जळते तेव्हा हवेतला एक घटक तिला येऊन मिळतो, हे फ्रान्सच्या लाव्हाझिएनं अठराव्या शतकात तराजू वापरूनच दाखवलं होतं. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन जवळजवळ 11 किलो हवा ओढतं. त्यातला ऑक्सिजन कामी येतो, नायट्रोजन बहुतांशी जसा आला तसा सायलेन्सरमधून बाहेर पडतो. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचं पाणी होतं, तेही लिटरमागे जवळपास 900 ग्रॅम. थंडीच्या सकाळी सायलेन्सरच्या तोंडाशी थेंब ठिबकतात, ते हेच पाणी. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. लिटरभर पेट्रोलमधून निघालेला वायू साठवायचाच म्हटला, तर दोनशे लिटरची सहा पिंपं भरूनही थोडा उरेल.

याच रीतीनं बाकीच्या इंधनांचे आकडे निघतात. डिझेल पेट्रोलपेक्षा जड, लिटरमागे 830 ग्रॅमच्या घरात, म्हणून त्याचा आकडा 2.65 किलो. स्वयंपाकाचा गॅस आपण किलोवर घेतो, तेव्हा त्याचा आकडाही किलोमागे धरायचा, साधारण तीन किलो. 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरचे मग 43 किलोच्या आसपास होतात. सीएनजीही किलोवरच मिळतो, त्याचे किलोमागे पावणेतीन. घरगुती हिशोब बहुतेक वेळा चुकतो तो इथेच, लिटरचा आकडा किलोला लावल्यानं. दुसरी चूक जरा छुपी. काही तक्त्यांत नुसत्या कार्बनचं वजन दिलेलं असतं, काहींत कार्बन डायऑक्साइडचं. दोन उत्तरांत साडेतीन-पावणेचार पटींचा फरक दिसला, की हाच घोटाळा झाला असं समजावं.

शुद्ध पेट्रोलचा 2.3 हा आकडा आपल्याकडे आता जसाच्या तसा लागू होत नाही. देशातल्या बहुतेक पंपांवर हल्ली 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि त्या इथेनॉलचा मोठा वाटा महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून येतो. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, म्हणून त्यात कार्बन कमी. त्याच्या लिटरमधून दीड किलोच कार्बन डायऑक्साइड निघतो. 80 टक्के पेट्रोलचे 1.84 आणि 20 टक्के इथेनॉलचे 0.3 मिळून मिश्रणाचा आकडा 2.15 किलोच्या आसपास येतो.

उसानं तो कार्बन वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून हिशोबाच्या रूढ पद्धतीत इथेनॉलचे 0.3 किलो धरत नाहीत. 1.84 वर थांबायचं की 2.15 वर, याबद्दल दोन मतं आहेत. उसाला घातलेला युरिया, ट्रॅक्टरचं डिझेल आणि डिस्टिलरीत जाळलेलं इंधन बाजूला ठेवून इथेनॉलला पूर्ण माफी देणं जरा उदारच. इथेनॉलमध्ये उष्णताही कमी, त्यामुळे मायलेज थोडं उतरतं. पण हिशोब किलोमीटरवर न करता प्रत्यक्ष भरलेल्या लिटरवर केला, तर ही घट आपोआप त्यात येते.

नमुन्यादाखल पुण्यातलं चौघांचं एक घर धरू. स्कूटर आणि मोटार मिळून महिन्याला पेट्रोलवर 3,600 रुपये जातात. हा आकडा फोनवरच्या यूपीआय नोंदींत सापडतो. लिटरला 103 रुपये धरले तर महिन्याचे 35 लिटर, वर्षाचे 420. त्याला 2.15 नं गुणलं की 903 किलो. सिलिंडर चाळीस दिवस पुरतो, म्हणजे वर्षाला नऊ, त्यांचे 383 किलो. दोन्ही मिळून जवळजवळ 1,290 किलो, सव्वा टनाहून थोडं अधिक. यात विजेचं बिल नाही. तेल उपसणं, शुद्ध करणं आणि टँकरनं पंपापर्यंत आणणं यात खर्ची पडणारं इंधनही नाही. ते धरायचं तर वर आणखी पाचवा हिस्सा चढतो. हा आकडा फक्त घरच्या टाकीत आणि शेगडीवर जळालेल्याचा.

यातली एक कोल्हापूरची फेरी वेगळी काढून पाहता येते. जाऊन येऊन 460 किलोमीटर, मोटार लिटरला 15 देते. 31 लिटर पेट्रोल, 66 किलो. हेच चौघं एसटीनं गेले, बस भरलेली होती आणि तिनं लिटरमागे साडेचार किलोमीटर दिले असं धरलं, तर बसच्या 102 लिटर डिझेलमधून 271 किलो निघतात. चाळीस जणांत वाटले की या चौघांच्या वाट्याला 27 येतात. बस अर्धी रिकामी असेल तर मात्र 54, आणि मग फरक फार उरत नाही.

‘गाडीची पीयूसी आहे’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं हायड्रोकार्बन मोजतात. नव्या गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या दोन्हींचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात करतो. छातीसाठी ही गोष्ट चांगलीच, पण लिटरमागच्या आकड्यात त्यानं घट होत नाही, उलट ग्रॅमभर भरच पडते. चाचणीत उत्तम उतरलेली गाडीही लिटरमागे तेवढाच कार्बन सोडते.

एक इंधन घरच्या कोणत्याच पावतीवर दिसत नाही, ते सोसायटीच्या वार्षिक हिशोबात ‘जनरेटर डिझेल’ या ओळीत असतं. चाळीस सदनिकांच्या इमारतीनं वर्षात 400 लिटर जाळलं असेल, तर त्याचे 1,060 किलो होतात. दर घरामागे साडेसव्वीस किलो, म्हणजे सिलिंडरच्या निम्म्याहून थोडं जास्त.