पत्ता बदलला, मग जुनी विक्री कुठली?

मिक्सर, फ्रीज, वॉशिंग मशीन विकणारी एक कंपनी आहे असं समजू. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्या विक्रीप्रमुखाने सरत्या आर्थिक वर्षाचा शहरवार अहवाल काढला आणि फाइलला लावला. दोन वर्षांनी काही कारणाने त्याच वर्षाचा अहवाल पुन्हा काढायची वेळ आली. पाहतो तर सांगलीचा आकडा घटलेला आणि पुण्याचा वाढलेला. एकही बिल रद्द झालेलं नव्हतं, माल परत आलेला नव्हता आणि एकूण विक्री रुपयानेही हललेली नव्हती. मग २०२२ मध्ये सांगलीत झालेली विक्री पुण्याला गेली कशी?

झालं एवढंच होतं, की मधल्या काळात काही ग्राहकांनी बिऱ्हाड हलवलं आणि कंपनीच्या माणसांनी इमानेइतबारे त्यांचे पत्ते दुरुस्त केले. अशा संगणकी नोंदींमध्ये विक्रीच्या ओळीवर सहसा फक्त ग्राहक क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा माणूस राहतो कुठे, हे ग्राहकांच्या वेगळ्या तक्त्यात लिहिलेलं असतं. अहवाल काढताना दोन्ही तक्ते जोडले जातात. ग्राहकाच्या तक्त्यात जुना पत्ता पुसून नवा लिहिला, की त्याची आजवरची सगळी खरेदी नव्या गावाच्या नावावर चढते.

एका ग्राहकाचंच उदाहरण घेऊ. त्यांचा क्रमांक ४१७२. ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगलीत राहत असताना त्यांनी ४,८०० रुपयांचा मिक्सर घेतला. जून २०२३ मध्ये त्या नाशिकला गेल्या आणि त्याच नोव्हेंबरात ३२,००० रुपयांचा फ्रीज घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात आल्या आणि मार्चमध्ये २१,५०० रुपयांची वॉशिंग मशीन घेतली. पत्ता पुसून लिहिण्याच्या पद्धतीत आजचा अहवाल सांगेल, की पुणे ५८,३०० रुपये, सांगली शून्य, नाशिक शून्य. बेरीज बरोबर असल्यामुळे हिशेब तपासणाऱ्याला चूक सापडतही नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. राल्फ किम्बल यांनी १९९६ मध्ये ‘द डेटा वेअरहाऊस टूलकिट’ या पुस्तकात, अधूनमधून बदलणारी अशी माहिती कशी सांभाळावी याचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात जुनं पुसून नवं लिहायचं. तिसऱ्यात नव्याशेजारी एक आधीची किंमत ठेवायची, म्हणजे फार तर एक पाऊल मागचं दिसतं. दुसऱ्यात जुन्या ओळीला हात न लावता नवी ओळ लिहायची आणि कोणती ओळ कधीपासून कधीपर्यंत खरी होती, ते तारखांनी सांगायचं. डेटाच्या क्षेत्रात याला ‘स्लोली चेंजिंग डायमेन्शन, टाइप टू’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘टाइप टू’. सातबारा पाहिलेल्या माणसाला यातला विचार परका वाटणार नाही. जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली, की जुन्या खातेदाराचं नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस होतो आणि फेरफार क्रमांकासह नवं नाव खाली येतं.

आपल्या ग्राहकाची नोंद टाइप टू पद्धतीने अशी दिसेल:

```
row_key  customer_no  city    valid_from  valid_to    is_current
501      4172         Sangli  2021-04-01  2023-06-10  0
918      4172         Nashik  2023-06-10  2025-02-05  0
1340     4172         Pune    2025-02-05  9999-12-31  1
```

ग्राहक एकच आहे, ओळी तीन. म्हणून ४१७२ हा क्रमांक आता ओळ ओळखायला पुरत नाही. प्रत्येक ओळीला स्वतःचा वेगळा क्रमांक लागतो. त्याला ‘सरोगेट की’ म्हणतात. तो गोदामातच तयार होतो, ग्राहकाला किंवा दुकानदाराला तो कधी दिसत नाही. सगळी मेख इथेच आहे. फ्रीजची विक्री गोदामात नोंदवताना तिच्यावर ९१८ लिहिला जातो, म्हणजे ‘त्या दिवशीचा, नाशिकचा ग्राहक’. पुढे त्या कितीही वेळा घर बदलोत, फ्रीजची ओळ ९१८ लाच चिकटून राहते. त्यामुळे अहवाल कधीही काढा, सांगली ४,८००, नाशिक ३२,००० आणि पुणे २१,५०० हेच येणार.

तारखांबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. चालू ओळीची शेवटची तारीख कुणालाच ठाऊक नसते, म्हणून तिथे ९९९९ सालची ३१ डिसेंबर ही मुद्दाम दूरची तारीख घालतात. ती जागा रिकामी ठेवली तर प्रत्येक प्रश्नात ‘आणि रिकामी असेल तर’ अशी पुस्ती जोडावी लागते. दुसरं म्हणजे जुन्या ओळीची अखेर आणि नवीची सुरुवात एकाच तारखेची आहे. सुरुवातीचा दिवस धरायचा आणि अखेरचा सोडायचा, हा नियम पाळला की मध्ये फट पडत नाही आणि एकच दिवस दोनदाही मोजला जात नाही.

इथे एखादा चाणाक्ष वाचक विचारेल, की बिलावर माल पोचवायचा पत्ता असतोच, मग एवढा खटाटोप कशाला? पण फ्रीज भावाच्या घरी पोचवलेला असू शकतो आणि मिक्सर दुकानातून हातात नेलेला. शिवाय बिलाला फक्त खरेदीचा दिवस ठाऊक असतो. ‘३१ मार्च २०२४ ला नाशिकमध्ये आपले किती ग्राहक राहत होते?’ या प्रश्नात त्या वर्षी काहीच न घेतलेले ग्राहकही येतात. त्याचं उत्तर बिलं देऊ शकत नाहीत, हा तक्ता देतो:

```
SELECT COUNT(*) FROM dim_customer
WHERE city = 'Nashik'
  AND valid_from <= '2024-03-31'
  AND valid_to   >  '2024-03-31';
```

नवा पत्ता आला की गोदामात दोन कामं होतात. चालू ओळीची अखेरची तारीख बदलून तिची `is_current` ही खूण १ ची ० करायची आणि नवी ओळ घालायची. ही दोन्ही कामं एकाच व्यवहारात बांधावी लागतात. पहिलं होऊन दुसरं अडकलं, तर त्या ग्राहकाची चालू ओळच उरत नाही आणि तो आजच्या यादीतून गायब होतो.

इथपर्यंतचं काम यंत्राचं. खरा निर्णय त्याच्या आधीचा आहे: कोणत्या बदलाला बदल म्हणायचं? नोंदणीच्या वेळी कुणी ‘मिरज’च्या जागी ‘मिरझ’ टाइप केलं आणि महिन्याने दुरुस्त केलं, तर ग्राहक कुठेही हललेला नाही. मिरझ कधीच खरं नव्हतं, तेव्हा तिथे जुनं पुसणंच योग्य. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हाही माणसं जागच्या जागीच होती. तिथे नवी ओळ घातली तर अहवालात एका शहराची दोन शहरं होतात, आणि एकाची विक्री अचानक आटून दुसऱ्याची शून्यातून उगवलेली दिसते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्या दिवशी डहाणूच्या ग्राहकाचं घर तेच राहिलं, पण जिल्हा खरोखरच बदलला. त्या वेळच्या कारभाराचा हिशेब हवा असेल तर जुनी विक्री ठाण्यात राहायला हवी. दहा वर्षांची तुलना हवी असेल तर आजच्या सीमा मागेही लावायला हव्यात. हे संगणक ठरवू शकत नाही. अहवाल वाचणाऱ्याने आधी सांगावं लागतं.

हे ठरवलं नाही, तर तक्ता भलत्याच कारणांनी फुगतो. बदल ओळखण्यासाठी यंत्र जुना आणि नवा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहतं. ‘एम.जी. रोड’चं ‘एम जी रोड’ झालं तरी त्याच्या लेखी तो नवा पत्ता. एखाद्या ग्राहकाच्या वर्षात सहा ओळी दिसल्या, तर त्याने सहा घरं बदलली असण्यापेक्षा टिंबं आणि रिकाम्या जागा बदलल्या असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून आधी पत्ता एका साच्यात बसवायचा आणि मगच ताडायचा.

बातमी उशिरा येते, हीदेखील नेहमीची अडचण. आपल्या ग्राहकांनी ५ फेब्रुवारीला घर बदललं, पण कंपनीला कळवलं २० तारखेला. मधल्या १२ तारखेला त्यांनी इस्त्री घेतली असेल तर ती नाशिकच्या ९१८ वर चढलेली असणार. नवी ओळ ५ तारखेपासून सुरू केली तर इस्त्रीची विक्री शोधून १३४० वर हलवावी लागते. २० तारखेपासून सुरू केली तर पंधरा दिवसांचा इतिहास चुकीचा राहतो. दोन्हींपैकी एक ठरवून तेच कायम पाळायचं. पण ‘१५ फेब्रुवारीला आपल्याला काय माहीत होतं?’ असाही प्रश्न येणार असेल, जसा विमा किंवा बँकेच्या वादात येतो, तर तारखांची ही एक जोडी पुरत नाही. बदल कधी घडला याच्या जोडीला तो कधी नोंदला, हेही ठेवावं लागतं.

सगळ्यात सर्रास होणारी चूक मात्र मोजणीची आहे. नव्या माणसाला तक्ता दाखवून ‘ग्राहक किती?’ विचारलं की तो ओळी मोजतो, आणि एका बाईच्या तीन होतात. आजचे ग्राहक मोजायचे तर `is_current = 1` असलेल्याच ओळी घ्यायच्या. मागच्या तारखेचे मोजायचे तर वरच्या प्रश्नासारखी तारखेची अट घालायची. रोज रात्री दोन तपासण्याही चालवाव्यात: एकाच ग्राहकाच्या दोन चालू ओळी आहेत का, आणि एकाच्या दोन ओळींच्या तारखा एकमेकींवर चढल्या आहेत का. दोन्हींचं उत्तर शून्य आलं नाही, तर सकाळचा अहवाल पाठवू नये.

आणि इतिहास ठेवायचा म्हणून सगळंच साठवायची गरज नाही. शहरवार विक्रीला शहर, तालुका, जिल्हा आणि पिनकोड पुरतो. जुन्या घराचा फ्लॅट क्रमांक आणि मजला कुठल्याही अहवालात लागत नाही. उद्देश संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसावी, अशी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची अपेक्षा आहे. ज्या रकान्यांवर अहवाल उभा आहे त्यांचाच इतिहास ठेवावा आणि बाकीचे खुशाल पुसून लिहावेत. एकाच तक्त्यात काही रकाने टाइप टू आणि काही टाइप वन असे चालतात, आणि चांगल्या गोदामांत ते तसेच असतात.