तिसरं बटण नसलेली बँक

नाटकाचं तिकीट काढताना खात्यातून पैसे गेले, बँकेचा एसएमएसही आला, पण तिकीट काही आलं नाही. हा अनुभव बऱ्याच जणांना आला असेल. चौकशी केली की उत्तर मिळतं, 'बँकेकडून अडचण होती, पैसे परत येतील.' ते येतातही. पण अशा वेळी चूक पुष्कळदा बँकेपेक्षा तिकीट विकणाऱ्या साइटच्या कोडमध्ये असते. आणि तो कोड लिहिणाऱ्याने तपासलेला असतो, हे विशेष. तपासला तेव्हा तो खरोखरच बिनचूक चाललेला असतो.

साइट स्वतः बँकेशी बोलत नाही, मध्ये पेमेंट गेटवे असतो. कोड लिहिताना खरे पैसे फिरवणं परवडणार नाही, म्हणून प्रत्येक गेटवे सरावासाठी एक खोटी दुनिया देतो. तिला सँडबॉक्स किंवा टेस्ट मोड म्हणतात. तिथल्या किल्ल्या वेगळ्या असतात. रेझरपेमध्ये सरावाची किल्ली `rzp_test_` अशी सुरू होते आणि खरी `rzp_live_` अशी. कार्डही खोटं. स्ट्राइपचं `4242 4242 4242 4242` हे नेहमी यशस्वी होणारं कार्ड जगभरच्या प्रोग्रामरांना पाठ असतं. युपीआयसाठी रेझरपेच्या सरावात `success@razorpay` टाकलं की पैसे 'मिळतात' आणि `failure@razorpay` टाकलं की व्यवहार फसतो. नेटबँकिंग निवडलं तर बँकेच्या पानाऐवजी दोन बटणांचं पान येतं, एक यशाचं आणि एक अपयशाचं. कुठलंही दाबा, क्षणात उत्तर हजर.

ही दुनिया खोटारडी नाही. उत्तर कुठल्या साच्यात येईल, त्यात कोणकोणते रकाने असतील, सही कशी पडताळायची, हे सगळं ती चोख शिकवते. तिच्यामागे बँक मात्र नसते, त्यामुळे वाट पाहणं म्हणजे काय हे तिला शिकवता येत नाही. 'अजून कळलेलं नाही' असं तिसरं बटण त्या पानावर नसतं. मग प्रोग्रामर साहजिकच असं लिहितो:

```python
if status == "success":
    confirm_seat(order)
else:
    release_seat(order)
```

यश आलं तर जागा पक्की करा, नाहीतर मोकळी करा. दोन बटणांच्या जगात यात काहीच चूक नाही.

खऱ्या युपीआय व्यवहाराचा रस्ता लांब असतो. तुम्ही पिन टाकता, ॲप तो निरोप एनपीसीआयच्या यंत्रणेकडे पाठवतं, ती तुमच्या बँकेला पैसे वळते करायला सांगते, मग विक्रेत्याच्या बँकेला जमा करायला सांगते, आणि ही उत्तरं उलट्या वाटेने परत येतात. यातला कुठलाही टप्पा रेंगाळू शकतो. पैसे कापले गेले आणि ते सांगणारा निरोप वाटेत हरवला, असंही होतं. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात यासाठी मुदतच घालून दिली आहे. दुकानदाराला युपीआयने पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराकडे खात्रीचा निरोप पोचला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत करायची. उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई. अधांतरी अवस्थेसाठी नियामकाला दिवसांत मुदत द्यावी लागते, आणि वरच्या चार ओळींच्या कोडला तर ती अवस्था असते हेच ठाऊक नाही.

याचं पुढे काय होतं, ते एका कल्पित बुकिंगवरून पाहू. एका गाजलेल्या नाटकाचं बुकिंग सकाळी नऊला उघडलं. जागा निवडल्यावर साइट ती दहा मिनिटं राखून ठेवते. एका बाईंनी ९:०२ ला चौथ्या रांगेतली एक खुर्ची निवडली आणि मिनिटभरात ५०० रुपयांसाठी पिन टाकला. बँकेने पैसे वळते केले, पण उत्तर अडकलं. ठरावीक वेळ वाट पाहून गेटवेने व्यवहार 'फेल्ड' धरला आणि तसं साइटला कळवलं. कोडने `else` ची वाट धरली, खुर्ची मोकळी केली. ९:१५ ला ती दुसऱ्या एका गृहस्थांनी घेतली, त्यांचे पैसे विनासायास पोचले. मग ९:२१ ला बाईंच्या बँकेचं अडकलेलं उत्तर गेटवेकडे आलं, की पैसे मिळालेले आहेत. गेटवेने 'फेल्ड' पुसून यश लिहिलं आणि साइटला नवा निरोप धाडला. याला 'लेट ऑथरायझेशन' म्हणतात. गेटवेच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं, पण सरावात कधी भेटलं नसल्याने ते पान कुणी उघडलेलं नसतं.

आता कोड काय करेल? निरोप आला की जागा पक्की करायची, एवढंच त्याला माहीत असेल तर एका खुर्चीची दोन तिकिटं निघतील आणि वाद नाट्यगृहाच्या दारात होईल. जरा सावध प्रोग्रामरने 'फसलेल्या ऑर्डरकडे पुन्हा बघू नये' असं लिहिलं असेल, तर निरोप दुर्लक्षित राहील. पैसे साइटकडे, तिकीट कुणाकडेच नाही. माझ्या मते ही दुसरी चूक अधिक वाईट. दारातला वाद निदान सगळ्यांना ऐकू येतो, ही मात्र बाईंनी फोन करेपर्यंत कुणाला कळत नाही.

उपाय सुचायला अवघड नाही. पैसे उशिरा आले तरी जागा अजून मोकळी आहे का ते बघायचं. असेल तर द्यायची, नसेल तर पैसे परत करायचे. पण हा साधा उपायसुद्धा प्रॉडक्शनमध्ये नव्याने ठेच खातो. गेटवे यशाचा निरोप साइटच्या सर्व्हरला थेट पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. सर्व्हरने 'पोचला' असं वेळेत कळवलं नाही, तर गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो. सरावाच्या वेळी सर्व्हरवर एकटा प्रोग्रामर असतो, पोच लगेच जाते, म्हणून निरोप एकदाच येतो. बुकिंग उघडल्याच्या सकाळी सर्व्हर धापा टाकत असतो. जागा पक्की झाली, पण पोच द्यायला उशीर झाला, की निरोप दुसऱ्यांदा येतो. आपला सुधारलेला कोड बघतो, जागा भरलेली आहे! आणि ज्यांना तिकीट मिळालेलं आहे त्यांचेच पैसे परत करून टाकतो.

म्हणून 'जागा मोकळी आहे का' हा प्रश्नच अपुरा. 'ही जागा या ऑर्डरच्या नावावर आहे का, किंवा होऊ शकते का' असं विचारावं लागतं. शिवाय विचारणं आणि नाव लावणं हे डेटाबेसमध्ये एकाच झटक्यात व्हायला हवं, नाहीतर दोघांनी एकाच क्षणी विचारलं तर दोघांनाही 'हो' मिळेल.

```python
if claim_seat(seat, order):
    send_ticket_once(order)
else:
    refund_once(order)
```

यातलं `once` महत्त्वाचं. निरोप कितीदाही येवो, तिकीट एकदाच जाईल आणि परतावाही एकदाच होईल.

निरोप पुन्हा पाठवण्याच्या बाबतीत तर सराव आणि खरी दुनिया यांचे नियमच वेगळे असू शकतात. स्ट्राइप खऱ्या व्यवहारात तीन दिवसांपर्यंत, अंतर वाढवत, निरोप पाठवत राहतो. सँडबॉक्समध्ये मात्र काही तासांत तीनदा प्रयत्न करून सोडून देतो. सरावात शुक्रवारी सर्व्हर बंद ठेवून सोमवारी पाहिलं तर वाटेल, निरोप गेला तो गेला. प्रत्यक्षात शुक्रवारचा निरोप सोमवारीही दार ठोठावू शकतो, तोवर प्रयोग होऊन गेलेला असला तरी. ॲपलच्या सँडबॉक्समध्ये वेळेची गंमत उलटी आहे. तिथे महिन्याची वर्गणी साधारणपणे पाच मिनिटांत संपते आणि वर्षाची तासाभरात, म्हणजे नूतनीकरण तपासायला महिनाभर बसावं लागत नाही. सोय मोठी. पण महिन्याच्या ३१ तारखेला सुरू झालेल्या वर्गणीचं फेब्रुवारीत काय होतं, हे पाच मिनिटांच्या महिन्यात कसं दिसणार?

आणखी एक फरक माणसाच्या वागण्यातला आहे. प्रोग्रामर लॅपटॉपवर तपासतो. पैसे दिल्यावर ब्राउझर आपोआप साइटच्या 'धन्यवाद' पानावर परततो, आणि कित्येक साइट तिकीट त्या पानावरच पक्कं करतात. खरा गिऱ्हाईक मोबाइलवर असतो. युपीआय ॲपमध्ये पिन टाकतो, हिरवी खूण दिसते, आणि फोन खिशात जातो. तो 'धन्यवाद' पानावर येतच नाही. अशा वेळी वेबहुक हाच एक आधार. पण खऱ्या मोडसाठी वेबहुकचा पत्ता आणि गुप्त किल्ली नव्याने नोंदवावी लागते, सरावातली चालत नाही. ती नोंद राहून गेली तरी सरावात काही बिघडलेलं नव्हतं, कारण तिथे 'धन्यवाद' पान सगळं सांभाळून घेत होतं.

असं काही चुकतंय हे ओळखायचा खात्रीचा मार्ग जुनाच आहे, हिशेबाच्या दोन वह्या जुळवणं. गेटवेने काल मिळाले म्हणून सांगितलेले व्यवहार एका बाजूला आणि आपल्याकडची पक्की तिकिटं दुसऱ्या बाजूला. पैसे आहेत पण तिकीट नाही, तिकीट आहे पण पैसे नाहीत, एका ऑर्डरला दोन परतावे, असे तीन प्रकार शोधायचे. हे काम रोज सकाळी यंत्राने करावं, आणि पहिल्या दिवसापासून. शिवाय आदल्या दिवशी अधांतरी राहिलेल्या प्रत्येक ऑर्डरबद्दल साइटने गेटवेला स्वतःहून विचारावं, निरोपाची वाट बघत बसू नये.

सरावातही बरंच करता येतं, फक्त गेटवेच्या सँडबॉक्सवर विसंबून चालत नाही. अनुभवी मंडळी स्वतःचा एक मुद्दाम वाईट वागणारा खोटा गेटवे लिहितात. तो आधी अपयश कळवतो आणि वीस मिनिटांनी यश. तोच निरोप दोनदा पाठवतो, क्रम उलटवतो, कधी काहीच बोलत नाही. हा शंभरेक ओळींचा कोड असतो, आणि त्याने पकडलेल्या चुका दोन बटणांच्या पानाने कधीच पकडल्या नसत्या. लाइव्ह गेल्यावर आपल्याच फोनवरून एक रुपयाचा खरा व्यवहार करून बघण्याची पद्धतही आहे. त्यातून किल्ल्या आणि पत्ते बरोबर आहेत एवढं कळतं. तो व्यवहार मात्र एका बँकेचा आणि निवांत वेळचा असतो. बुकिंगच्या सकाळी नऊ वाजता कुठली बँक किती रेंगाळेल, याचा अंदाज त्यातून येत नाही. म्हणून काही साइट नवा कोड आधी कमी गर्दीच्या, आडवारच्या प्रयोगाच्या बुकिंगवर लावतात, दोन्ही वह्या आठवडाभर जुळल्या की मगच रविवारच्या प्रयोगावर.