दचकणं नको, धास्ती हवी

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा रात्री जागून वाचणारे आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांतलेच अनेकजण हॉरर गेमचं नाव काढलं की मागे सरतात. भाईंदर पूर्वेला आमच्या केबिन रोडवरही हे नेहमी ऐकू येतं. या वाचकांना भीतीचं वावडं नाही. त्यांना नको असतो तो अचानक पडद्यावर झेपावणारा चेहरा, कानात घुसणारी किंकाळी आणि रक्तामांसाचा चिखल. अशांसाठी मी सुरुवातीचा एकच खेळ सुचवतो: ‘गॉन होम’.

फुलब्राइट या अमेरिकेतल्या छोट्या गटाने तो २०१३ साली आणला. ७ जून १९९५ची वादळी रात्र आहे. वर्षभर युरोपात फिरून केटी घरी परतते. ती बाहेर असताना कुटुंब या मोठ्या, जुन्या घरात राहायला आलेलं असतं, त्यामुळे घर तिलाही अनोळखी आणि आपल्यालाही. आत कुणीच नाही. दारावर धाकट्या बहिणीची, सॅमची चिठ्ठी: मी कुठे आहे ते शोधू नका. आपण नेमकं तेच करायचं. खोल्याखोल्यांतून हिंडायचं, कप्पे उघडायचे, पत्रं वाचायची. मारामारी नाही, पाठलाग नाही, हरणं नाही. अडीच-तीन तासांत खेळ संपतो.

मग भीती येते कुठून? बाहेर गडगडाट, वर लाकडाची करकर, दिवाणखान्यात कुणीतरी चालू ठेवून गेलेला टीव्ही. घराचा आधीचा मालक वारला असून त्याचा आत्मा इथे वावरतो, अशी कुजबुज कागदांतून कळते. काळोख्या खोलीत शिरल्यावर दिव्याचं बटण आपल्यालाच शोधावं लागतं. पुस्तकात पात्र दार उघडतं आणि आपण बघत राहतो. इथे दार आपल्या हाताने उघडायचं असतं. हातातला माउस क्षणभर थबकतो, तीच धास्ती.

दोन जागा आधीच सांगतो. एका न्हाणीघरात टबावर लाल डाग दिसतात. ते रक्त नाही, केसांचा रंग आहे. शेजारची बाटली उचलून पाहिली की उलगडा होतो. दुसरी जागा भिंतीआडच्या गुप्त वाटेत आहे. तिथला क्रूस उचलला की दिवा अचानक विझतो. पुढे काहीही होत नाही, पण ज्यांना तेवढंही नको त्यांनी क्रूसाला हात लावू नये. उरलेली गोष्ट सॅमच्या पहिल्या प्रेमाची आणि घरातल्या ताणाची आहे. शेवट सांगत नाही. मजकूर इंग्रजीत आणि भरपूर आहे, तो सावकाश वाचावा.

दचकवण्याची युक्ती मुख्यतः आवाजाची असते. थोडा वेळ शांतता ठेवून मग एकदम मोठा आवाज केला की कुणाचंही शरीर झटका देतं. काय घडलं हे कळायच्या आधीच. म्हणून हेडफोन लावताना आवाज पूर्ण वाढवू नका. पावसाची सर ऐकू येईल आणि गडगडाट कानाला टोचणार नाही, इतका पुरे.

दुसऱ्या खेळासाठी ‘ऑक्सनफ्री’ घ्या. तो २०१६चा आहे. निर्जन बेटावर रात्र काढायला आलेली काही मुलं आणि एक छोटा रेडिओ. रेडिओचं बटण फिरवताना अनोळखी आवाज सापडत जातात. चित्रं रंगवलेल्या पोस्टरसारखी, माणसं लांबून दिसणारी. मात्र मधूनच पडदा थरथरतो आणि चित्र तुटतं, म्हणून हा दुसऱ्या क्रमांकावर.

‘सोमा’पासून मात्र सुरुवात नको. २०१५च्या या खेळात २०१७ साली ‘सेफ मोड’ जोडला गेला, आणि त्यात राक्षस आपल्याला मारत नाहीत. ते ऐकून नवखे तो विकत घेतात. पण राक्षस तिथेच असतात, आणि विद्रूप शरीरंही. मरणाची भीती गेली तरी किळस राहते.

नवा खेळ घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. अमेरिकी वयोगटाच्या लेबलावर ‘ब्लड अँड गोर’ असेल तर तो बाजूला ठेवा. मात्र दचकवण्याचा उल्लेख या लेबलावर नसतो. त्यासाठी Does the Dog Die या संकेतस्थळावर खेळाचं नाव शोधा. खेळलेल्या लोकांनीच तिथे ‘दचकवतो का’ याचं उत्तर दिलेलं असतं. शेवटी, कुणीतरी खेळतानाचा व्हिडिओ मधूनच पाच मिनिटं, आवाज बंद करून पाहा. खेळणारा पळत किंवा कपाटात लपत असेल तर तो पाठलागाचा खेळ आहे, तुमचा नाही.

एवढं करूनही निवड चुकली तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्या बैठकीत दीड तासाला थांबा आणि पुढे जायचं की नाही ते तेव्हाच ठरवा.