कुजलेलं टोक, शाबूत तुळई

वाड्याच्या माजघरात वर पाहिलं की काळसर सागवानी तुळई एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरळ गेलेली दिसते. दिसते तेवढी बहुधा ती ठणठणीतच असते. खराब होतो तो न दिसणारा भाग, म्हणजे भिंतीत शिरलेलं टोक. पावसाळ्यात भिंत ओल धरते, टोकाला हवा लागत नाही, आणि आडव्या अंगापेक्षा कापलेल्या तोंडातून लाकूड पाणी फार भराभर पितं. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी वाढत नाही. भिंतीतलं टोक मात्र गळक्या पन्हाळीखाली महिनोन्‌महिने त्याहून कितीतरी ओलं राहतं. सागाचा गाभा टिकाऊ असला, तरी कडेचा फिकट लाकडाचा थर तसा नसतो. बुरशी आणि वाळवी दोन्हींची सुरुवात तिथूनच होते.

मालक ठेकेदाराला बोलावतो. ठेकेदार टोकाला टोचून बघतो, पहार आत जाते आणि निकाल लागतो: ‘तुळई गेली, बदला.’ तुळई बदलायची म्हणजे काय काय करावं लागतं, हे या निकालात येत नाही. तिच्यावर कडीपाटाच्या कड्या टेकलेल्या असतात, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर असतो. हे सगळं उचलावं लागतं. शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंती फोडल्याशिवाय जुनी तुळई निघत नाही आणि नवी बसत नाही. फूटभर कुजलेल्या लाकडापायी एक अख्खा खण उघडा पडतो, आणि मातीची जुनी भिंत फोडल्यावर पूर्वीसारखी कधीच बसत नाही.

किमान हस्तक्षेपाचं तत्त्व याच ठिकाणी कामाला येतं. १९६४च्या व्हेनिस सनदेपासून वारसावास्तूंच्या दुरुस्तीचा विचार या दिशेनं होत आला आहे. लाकडी वास्तूंसाठी इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९९ साली वेगळी तत्त्वं मांडली आणि २०१७ साली नवी दिल्लीत भरलेल्या सभेत त्यांची सुधारित आवृत्ती स्वीकारली. त्यांचा आशय असा, की जुनं लाकूड हाच त्या घराचा पुरावा आहे, म्हणून आवश्यक तेवढंच काढावं आणि जे काढावं लागेल त्याच्या जागी त्याच जातीचं, तशाच प्रतीचं लाकूड त्याच पद्धतीनं घालावं. मात्र यातल्या ‘किमान’चं माप कापलेल्या इंचांत घेऊन चालत नाही, अख्ख्या घराचं किती नुकसान होतं हे पाहावं लागतं.

कुठवर कुजलंय हे आधी नीट शोधावं लागतं. हातोडीनं ठोकत गेलं की शाबूत लाकूड खणखणीत वाजतं आणि पोकळ लाकूड बद्द बोलतं. शंका येईल तिथे तीन-चार मिलिमीटरचं बारीक भोक पाडून भुसा पाहावा. शाबूत सागाचा भुसा सोनेरी आणि तेलकट वासाचा असतो, कुजलेल्याचा तपकिरी पीठ होऊन पडतो. भिंतीत एखादा खांब गाडलेला असेल आणि तुळई त्याच्यावर टेकली असेल, तर तो खांबही तपासावा, विशेषतः तळखड्याजवळ. खांब खालून गेला असताना तुळईवर खर्च करण्यात अर्थ नाही.

आता एक नेहमीची तुळई घेऊ. दोन भिंतींतलं अंतर १२ फूट, रुंदी ६ इंच, उंची ८ इंच. एका बाजूला भिंतीतला भाग पूर्ण कुजलेला आणि भिंतीबाहेर आणखी सहा इंचांपर्यंत पोकळ. कूज दिसते त्याच्याही पुढे थोडी गेलेली असते, म्हणून आणखी सहा इंच सोडावे लागतात. म्हणजे खात्रीचं लाकूड भिंतीपासून एक फुटावर सुरू होतं.

सुताराला सुचणारा पहिला उपाय तिरप्या सांध्याचा. कुजलेलं टोक कापायचं आणि जुन्या सागाचा नवा तुकडा लांब तिरक्या कापानं, लाकडी खुंट्या आणि पाचरी मारून जोडायचा. असा सांधा तुळईच्या उंचीच्या तिप्पट तरी लांब हवा, म्हणजे इथे दोन फूट. तो भिंतीपासून एक ते तीन फुटांत बसेल आणि त्याचा मध्य येईल दोन फुटांवर. तुळई मधोमध सर्वांत जास्त वाकते, टेकणापाशी सर्वांत कमी. १२ फुटांच्या तुळईवर समान भार असेल, तर टेकणापासून दोन फुटांवर वाकवणारा जोर मधल्या जोराच्या साधारण ५६ टक्के असतो. आणि नुसता लाकडी सांधा, कितीही निगुतीनं केला तरी, अखंड तुळईच्या सुमारे एक तृतीयांशच जोर पेलतो. जुन्या वाड्यांतल्या तुळया गरजेपेक्षा जाड असतात, म्हणून कधी कधी हे निभतं, पण त्यावर विसंबू नये. सांध्याला दोन्ही बाजूंनी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या आणि बोल्ट द्यावे लागतात, आणि ते किती जाड हे बांधकाम-अभियंत्यानं ठरवायला हवं. साधं लोखंड मात्र वापरू नये. ओल्या लाकडात ते गंजतं आणि भोवतीचं लाकूडही खराब करतं.

माझ्या मते इथे आधी दुसराच उपाय पाहावा. भिंतीला लागून एक नवा सागवानी खांब तळखड्यावर उभा करायचा, त्याच्या डोक्यावर दीड-दोन फूट पुढे येणारा आधार ठेवायचा आणि तुळईचं शाबूत लाकूड त्यावर टेकवायचं. जुन्या तुळईत मोठा काप जात नाही, वरचा कडीपाट हलत नाही, आणि उद्या काढावासा वाटला तर खांब काढता येतो. दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. खांबाखाली स्वतःचा पाया हवा, नाहीतर तो खचून भार पुन्हा भिंतीवर जातो. आणि तुळई भिंतीला बांधूनही ठेवत असते. टोक कापल्यावर ती बांधणी सुटते, तेव्हा भिंत बाहेर झुकू नये म्हणून धातूची पट्टी घालून तुळई भिंतीला जोडावी लागते. खोली अरुंद असेल किंवा खांब दाराच्या वाटेत येत असेल, तर सांध्याकडे वळावं.

कुठल्याही उपायाआधी टेकू लागतात. टेकू खालच्या मजल्यावर नुसता ठेवून चालत नाही, तो सरळ जमिनीपर्यंत न्यावा लागतो. जॅकनं भार तेवढा उचलावा. शंभर वर्षं बाक धरलेली तुळई सरळ करायला गेलं की कड्यांचे सांधे उघडतात आणि वरच्या भिंतींना तडे जातात.

नवा तुकडा वाळलेला हवा, साधारण १२ टक्के ओलीचा. ओला तुकडा आकसतो आणि सांधा ढिला पडतो. पाडलेल्या वाड्यांतलं जुनं सागवान बाजारात मिळतं. खिळे काढून, वाळवी तपासून घेतलं तर ते उत्तम. तुकड्यावर न दिसेल अशा बाजूला साल कोरून ठेवावं. इकोमॉसच्या तत्त्वांतही नव्या भागावर अशी खूण ठेवायला सांगितलं आहे.

काही वेळा बदलणं हाच किमान हस्तक्षेप असतो. वाळवीनं मधला भाग पोखरला असेल, किंवा मधोमध खालच्या बाजूनं लाकूड गेलं असेल, तर ठिगळ चालत नाही, कारण खालच्या थरावरच सर्वांत जास्त ताण येतो. आठ इंचांच्या उंचीतला एक इंच गेला तर ताकद जवळजवळ पाव भागानं घटते. सहा इंचांच्या रुंदीतला एक इंच गेला तर एक षष्ठांशानं. तेव्हा कडेच्या कुजीला घाबरण्याचं कारण नाही, खालच्या कुजीकडे मात्र काणाडोळा करू नये. अशा वेळीही जुन्या तुळईला लागून दुसरी घालता येईल का, हे आधी पाहावं.

यातलं काहीही केलं तरी पन्हाळ तशीच गळत राहिली, वरच्या मजल्यावरचं नवं न्हाणीघर झिरपत राहिलं किंवा मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा राहिला, तर नवं लाकूडही कुजेल. सिमेंट आतली ओल बाहेर पडू देत नाही, म्हणून तिथे चुन्याचाच गिलावा हवा. टोक पुन्हा भिंतीत बसवायचं असेल तर त्याच्या तोंडाशी आणि दोन्ही बाजूंना इंचभर मोकळी जागा ठेवावी, खाली दगडाची पाटी द्यावी, आणि फट सिमेंटनं बुजवू नये. पहिल्या पावसाळ्यानंतर ओल मोजण्याचं छोटं यंत्र टोकाला लावून आकडा लिहून ठेवावा. तो विसाच्या वर असेल तर लाकडाला हात न लावता आधी छपरावर चढावं.