पंचाहत्तर टक्क्यांचं गणित

सत्र संपत आलं की कॉलेजच्या फलकावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागते आणि ऑफिसात वाद सुरू होतात. बहुतेक वाद भागाकाराचे नसतात, नेमकं काय मोजायचं याचे असतात.

समजा, एका विषयाची एक तासाची 40 लेक्चर्स आणि दोन तासांची 10 प्रॅक्टिकल्स झाली. एक विद्यार्थिनी 34 लेक्चर्सना आणि 5 प्रॅक्टिकल्सना हजर होती. नुसत्या हजेऱ्या मोजल्या तर 50 पैकी 39, म्हणजे 78 टक्के. तास मोजले तर 60 पैकी 44, म्हणजे 73.3 टक्के, पोरगी यादीत! वेळ कमीजास्त असेल तर तासच मोजणं रास्त, कारण बुडालेलं प्रॅक्टिकल दुप्पट बुडतं.

आता तिची दोन प्रॅक्टिकल्स विद्यापीठाच्या कबड्डी स्पर्धेमुळे हुकली, आणि त्या चार तासांना रीतसर मंजुरी आहे. ते एकूण तासांतून वजा केले तर 56 पैकी 44, म्हणजे 78.6 टक्के. हजर धरले तर 60 पैकी 48, म्हणजे 80. दोन्ही पद्धती चालतात. मात्र कुठली, हे नियमात आधीच लिहिलेलं हवं.

घोळ होतो तो दोन्ही एकदम केल्यावर. 56 पैकी 48 म्हणजे 85.7 टक्के, आणि ही फुगलेली हजेरी एक्सेलच्या तक्त्यात सहज खपून जाते. तेव्हा यादीत नाव दिसलं, तर टक्केवारीवर भांडण्याआधी छेदात किती तास धरलेत, ते विचारा.