मेच्या चौकशा, जूनची विक्री

वाशिम जिल्ह्यातल्या मेडशीच्या परिसरात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. त्यामुळे पेरणीयंत्राची विचारपूस मे महिन्यातच सुरू होते. या विचारपुशीला विक्रेते ‘लीड’ (संभाव्य ग्राहकाची नोंदवलेली चौकशी) म्हणतात. गफलत होते ती पुढच्या हिशेबात.

समजा, एका दुकानात मेमध्ये ४० चौकशा आल्या आणि त्यांतून ४ यंत्रे विकली गेली. जूनमध्ये चौकशा १५, विक्री मात्र १८! महिन्यागणिक पाहिले तर मे वाया गेला आणि जूनने चमत्कार केला. पण वहीत ग्राहकाची पहिली चौकशी शोधली, की जूनच्या १८पैकी १४ जण मेमधलेच निघतात. म्हणजे मेच्या ४०पैकी १८ जणांनी खरेदी केली, जूनच्या १५पैकी आतापर्यंत चौघांनी.

घरच्या सोयाबीनची उगवण तपासताना शंभर दाणे गोणपाटात ठेवतात आणि कोंब त्याच शंभरांतले मोजतात. चौकशांचेही तसेच.

गेल्या वर्षाशी तुलनाही तारखेने फसते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग सांगतो. पाऊस लांबला की खरेदीही लांबते. म्हणून अहवालात चौकशीच्या तारखेशेजारी पेरणीयोग्य पावसाची तारीखही लिहावी.