वरच्या दुधाचा साठ वर्षांचा हिशेब

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावात बाळाला वरचं दूध लावणं हा लाडाचाच भाग असतो. आई शेतात मजुरीला गेली की बाळ आजीकडे असतं. गोठ्यातलं दूध उकळून, थोडं पाणी घालून ती बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं पाजते. बाळ गुटगुटीत दिसतं, शांत झोपतं. दुधानं बाळाच्या अंगातलं रक्त कमी होईल, हे आजीला कोणी सांगितलं तर तिला खरं कसं वाटावं?

डॉक्टरांनाही ते सहज पटलं नव्हतं. फिकट पडलेली, फक्त दुधावर असलेली बाळं त्यांच्या नेहमी पाहण्यात होती. दुधात लोह नाही म्हणून असं होतं, एवढंच स्पष्टीकरण दिलं जाई. 1964 साली अमेरिकेत विल्सन, हायनर आणि लेही यांनी अशा बाळांच्या शौचाकडे लक्ष दिलं. काही बाळांच्या शौचातून गायीच्या दुधामुळे डोळ्यांना न दिसणारं रक्त जात होतं, आणि ते दूध थांबवल्यावर ते जाणं थांबत होतं. पण ही बाळं आधीच आजारी होती. निरोगी बाळांचं काय, हा प्रश्न उरलाच.

त्याचं उत्तर आयोवा विद्यापीठात मिळालं. झिगलर, फोमन आणि सहकाऱ्यांनी 1990 साली साडेपाच महिन्यांच्या 52 निरोगी बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना गायीचं दूध दिलं, काहींना डब्याचं. गायीच्या दुधावरच्या बाळांत रक्ताचा अंश सापडणाऱ्या शौचांचं प्रमाण पहिल्या महिन्यातच सुमारे 3 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर गेलं. डब्याच्या दुधावरच्या बाळांत ते कमीच राहिलं. पुढच्या अभ्यासात दिसलं की वय वाढतं तसा हा त्रास कमी होतो आणि वर्षाच्या बाळात जवळपास उरत नाही. ‘पहिल्या वाढदिवसापर्यंत नको’ या सल्ल्याला यातून आधार मिळतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनं तो 1992 मध्ये ठामपणे दिला.

आता नऊ महिन्यांचं एक बाळ डोळ्यांसमोर आणा. ते दिवसाला पाऊण लिटर दूध पितं आणि पोट भरल्यामुळे वरण-भाताला तोंड लावत नाही. लिटरभर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि त्यातला साधारण दहावा हिस्साच अंगी लागतो, कारण दुधातलं कॅल्शियम आणि केसीन आडवं येतं. म्हणजे दिवसाची कमाई 0.04 मिलिग्रॅम. या वयात रोज पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास लोह शरीरात शोषलं जायला हवं. त्यात हिमोग्लोबिन 10 असलेलं एक मिलिलिटर रक्त आतड्यातून गेलं, तर त्याबरोबर 0.34 मिलिग्रॅम लोह जातं. दुधातून नऊ दिवसांत मिळालेलं सगळं तिथेच संपलं. जन्मावेळची शिल्लक बहुतेकदा सहाव्या महिन्यापर्यंत सरते. कमी वजनाच्या बाळाची त्याआधीच. आईच्या दुधातही लोह थोडंच असतं, पण ते कितीतरी चांगलं शोषलं जातं.

उकळल्यानं प्रश्न सुटतो का, असं आया हमखास विचारतात. कारखान्यात जास्त तापवून तयार केलेल्या दुधानं रक्त जात नाही, असं प्रयोगांत दिसलं होतं. पण घरची उकळी तेच काम करते असं धरून चालता येत नाही, आणि उकळून दुधातलं लोह वाढत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये, स्तनपान न मिळणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला प्राण्याचं दूधही चालेल असं म्हटलं. डब्याचं दूध महाग, आणि ते कालवायला स्वच्छ पाणी लागतं. ज्या घरात दुसरा मार्गच नाही तिथे हा सल्ला मला योग्य वाटतो, पण बाळाला लोह दुसरीकडून मिळत असेल तरच. आई पाजत असताना, केवळ बाळ बाळसेदार व्हावं म्हणून वरचं दूध लावायला मात्र त्यात आधार नाही.

नंदुरबारमध्ये आणखी एक गुंता आहे. फिकट बाळ दिसलं की आधी सिकलसेल आठवतो, आणि तपासायलाच हवा. पण सिकलसेल असला म्हणून लोहाची कमतरता नसेल असं नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर तांबड्या पेशींचा आकार कळतो. पेशी लहान आणि फेरिटिन कमी असेल तर लोहच कमी आहे. शौच एकदा तपासून रक्त सापडलं नाही, तरी निर्धास्त होऊ नये. ते अधूनमधून जातं.

उपाय साधा आहे. वरचं दूध थांबवायचं, आईचं चालू ठेवायचं. डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेले लोहाचे थेंब सुरू करायचे. महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमनं वाढतं. तरीही साठा भरण्यासाठी पुढे दोन-तीन महिने औषध द्यावं लागतं. औषधानं शौच काळं होतं, घाबरून औषध बंद करू नका.

महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांत रक्त कमी असल्याचं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. त्या सगळ्याला दूध जबाबदार नाही. पण तुमच्या घरी सहा महिन्यांहून मोठं बाळ असेल, तर अंगणवाडी ताई किंवा आशाताईंकडून लोहाचं सिरप घ्या. आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर. अंडं, डाळ, मऊ शिजवलेली कलेजी चमच्या-चमच्यानं सुरू करा, आणि गायीच्या दुधाचा पेला वर्षानंतर हातात द्या.